कमी झालं तर चांगलं: केपीआय कार्डातल्या बाणाला रंग कसा द्यायचा?

या महिन्याचा आकडा, शेजारी गेल्या महिन्याशी तुलना आणि एक बाण. एक्सेलमध्ये असं कार्ड झटकन तयार होतं. पंचाईत होते ती तक्रारी, उत्तराला लागणारा वेळ किंवा परत आलेला माल अशी मापं त्यात आली की. इथे आकडा खाली येणं हीच चांगली बातमी असते, पण कार्ड तिच्यावर लाल बाण ठोकून मोकळं होतं.

मुळात बाण आणि रंग या दोघांची कामं वेगळी आहेत. आकडा वर गेला की खाली आला एवढंच बाणाने सांगायचं. ते बरं की वाईट, हे रंगाने. ज्या पद्धतीत ही दोन कामं सुटी ठेवता येतात ती पद्धत चांगली, या एकाच कसोटीवर एक्सेलमधले तीन मार्ग मी तपासतो: कंडिशनल फॉरमॅटिंगमधला आयकॉन सेट, नंबर फॉरमॅट आणि दिशेचा रकाना. उदाहरणाला तीन मापं घेऊ: ऑर्डर 1,240 वरून 1,178 वर आल्या, तक्रारी 64 वरून 56 वर आल्या आणि सरासरी उत्तर वेळ 40 मिनिटांवरून 46 वर गेली.

| माप | बदल | आयकॉन सेट (उलटा न केलेला) | आयकॉन सेट (उलटा केलेला) | नंबर फॉरमॅट किंवा दिशेचा रकाना |
|---|---|---|---|---|
| ऑर्डर | −5.0% | लाल ▼ | (गरज नाही) | लाल ▼ |
| तक्रारी | −12.5% | लाल ▼ | हिरवा ▲ | हिरवा ▼ |
| उत्तर वेळ | +15.0% | हिरवा ▲ | लाल ▼ | लाल ▲ |

आयकॉन सेटच्या दोन रकान्यांत शून्याच्या वर आणि शून्याच्या खाली अशी सीमा हाताने दिली आहे, असं धरलंय. ती दिली नाही तर गोंधळ आणखी वाढतो. एक्सेल आपणहून 33 आणि 67 टक्क्यांच्या सीमा लावतं आणि त्या निवडलेल्या सेल्सच्या आपापसातल्या तुलनेवर असतात. म्हणजे तिन्ही मापं वाढली असली, तरी सगळ्यात कमी वाढलेल्याला लाल खाली बाण मिळतो.

बहुतेक जण Reverse Icon Order वर टिचकी मारतात आणि काम झालं असं समजतात. तक्त्यातला चौथा रकाना पाहा: तक्रारी घटल्या, रंग हिरवा झाला, पण बाण वर गेला. शेजारी −12.5% आणि वरचा बाण, हे पाहणारा आकड्यावर विश्वास ठेवणार की बाणावर? कारण साधं आहे. या संचातला वरचा बाण हिरवा आणि खालचा लाल असा पक्का जोडलेला आहे. लाल रंगाचा वरचा बाण आयकॉनच्या यादीतच नाही. करड्या बाणांचा संच घेऊन रंग अक्षरांना दिला तर निभावतं, पण तेवढी खटपट करायचीच असेल तर पुढचे दोन मार्ग सरळ आहेत.

दुसरा मार्ग नंबर फॉरमॅटचा. बदलाच्या सेलला कस्टम फॉरमॅट द्यायचा. पहिली ओळ जास्त चांगलं असणाऱ्या मापासाठी, दुसरी कमी चांगलं असणाऱ्यासाठी:

```
[Color10]▲ 0.0%;[Red]▼ 0.0%;0.0%
[Red]▲ 0.0%;[Color10]▼ 0.0%;0.0%
```

अर्धविरामांनी पडलेले भाग अनुक्रमे धन, ऋण आणि शून्य आकड्यांसाठी. ऋण भाग वेगळा लिहिल्यामुळे उणे चिन्ह आपोआप गळतं आणि बाणच ते काम करतो. `[Green]` मुद्दाम टाळलाय, पांढऱ्यावर तो हिरवा डोळ्यांत खुपतो. `Color10` गडद आहे. दोन-चार कार्डं असतील आणि ती बदलणार नसतील, तर एवढं पुरे. उणीव एकच, पण बोचणारी: −0.04% बदलालाही हा फॉरमॅट हिरवा ‘▼ 0.0%’ दाखवतो, म्हणजे काहीच घडलेलं नसताना शाबासकी. शिवाय कुठल्या सेलला कुठला फॉरमॅट दिलाय हे बाहेरून दिसत नाही. कोणी ओळ कॉपी करून नवं माप घातलं की रंग गुपचूप उलटतो.

म्हणून मापं मिसळलेली असतील तर माझं मत तिसऱ्या मार्गाला: प्रत्येक मापाशेजारी दिशेचा एक रकाना. जास्त चांगलं असेल तर 1, कमी चांगलं असेल तर −1, नुसती माहिती असेल तर 0. B मध्ये हा महिना, C मध्ये गेला महिना, D मध्ये दिशा. मग E2 आणि F2 मध्ये अनुक्रमे:

```
=IF(C2=0,"",(B2-C2)/ABS(C2))
=IF(E2="",0,IF(ABS(E2)<1%,0,SIGN(E2)*D2))
```

E च्या नंबर फॉरमॅटमध्ये फक्त बाण ठेवायचे, `▲ 0.0%;▼ 0.0%;0.0%`, रंग नाही. रंगासाठी कंडिशनल फॉरमॅटिंगचे दोन नियम: `=$F2=1` असेल तर हिरवा, `=$F2=-1` असेल तर लाल. एक टक्क्याच्या आतला बदल रंगाविना राहतो. ही सीमा मापानुसार बदला. गेला महिना शून्य असेल तर टक्केवारी निघतच नाही, तिथे नुसता फरक दाखवलेला बरा. आणि लाल-हिरवा भेद न दिसणाऱ्यांसाठी F वरून ‘सुधारणा’ किंवा ‘बिघाड’ असा शब्द कार्डावर आणा, कारण खालचा बाण पाहून ते तक्रारींचं माप बिघडलं असंच धरून चालतील.

मांडणीतली एक अडचण: कार्डासाठी आकार काढून तो सेलला जोडला, तर मजकूर येतो पण कंडिशनल फॉरमॅटिंगचा रंग येत नाही. तिथे सेलचं लिंक्ड पिक्चर वापरावं.

मार्ग कुठलाही घ्या, महिन्याच्या मध्यावर एक सापळा असतोच, आणि कमी चांगलं असणाऱ्या मोजणीत तो जास्त घातक आहे. बारा तारखेला या महिन्याच्या 20 तक्रारी आणि गेल्या पूर्ण महिन्याच्या 64, म्हणजे जवळपास 69 टक्के घट, झळझळीत हिरवी! ऑर्डरींचं कार्ड त्याच दिवशी लाल होतं, तेव्हा कोणीतरी लगेच विचारतो. हिरव्या कार्डाबद्दल कोण विचारणार? गेल्या महिन्यातही आजच्याच तारखेपर्यंत मोजायला हवं. तक्रारी Data नावाच्या टेबलात आणि त्यांच्या तारखा Date रकान्यात असतील, तर:

```
=COUNTIFS(Data[Date],">="&EOMONTH(TODAY(),-2)+1,
 Data[Date],"<"&EDATE(TODAY(),-1)+1)
```

याच जातीची दुसरी फसगत आपल्या उदाहरणातच आहे. तक्रारी 12.5 टक्क्यांनी घटल्या खऱ्या, पण ऑर्डरीही घटल्या होत्या. दर हजार ऑर्डरींमागे मोजलं तर 51.6 वरून 47.5, म्हणजे 7.9 टक्के घट. रंग तोच राहतो, पण बढाई थोडी कमी होते. ऑर्डरी 15 टक्क्यांनी घटल्या असत्या, तर तक्रारींच्या आकड्याचं कार्ड हिरवं राहिलं असतं आणि प्रमाणाचं कार्ड लाल झालं असतं. त्यामुळे तक्रारींचं कार्ड करायचं असेल तर ते प्रमाणाचंच करा.

गूगल शीट्समध्ये काम करणाऱ्यांना एवढी यातायात नाही. तिथल्या स्कोअरकार्ड चार्टमध्ये वाढीचा आणि घटीचा रंग वेगवेगळा निवडता येतो. तक्रारींच्या कार्डात दोन्हींची अदलाबदल केली की बाण जागच्या जागी राहतो. मात्र ती अदलाबदल प्रत्येक चार्टमध्ये हातानेच करावी लागते, त्यामुळे डझनभर कार्डं असतील तर तिथेही शीटमध्ये दिशेचा रकाना ठेवून प्रत्येक चार्ट त्याच्याशी ताडून पाहा.