‘४९ व्या वर्षी’ की ‘वय ४९’?

पुण्यातल्या जुन्या निधनवार्तांत ‘वयाच्या ४९ व्या वर्षी’ असं वाचलं की जन्म कधीचा ते काढायला आपण सरळ ‘वय ४९’ धरतो. चूक तिथेच होते. ‘वय ४९’ म्हणजे ४९ पूर्ण. ‘४९ वं वर्ष’ म्हणजे ४८ पूर्ण, ४९ वं चालू.

गोपाळ कृष्ण गोखले १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात वारले. ‘४९ व्या वर्षी’वरून जन्म फेब्रुवारी १८६६ ते फेब्रुवारी १८६७ मधला ठरतो; खरी तारीख, ९ मे १८६६, त्यातच बसते. ‘वय ४९’ धरलं तर शोध वर्षभर मागे सरकतो आणि जन्माची नोंद हुकते.

मात्र हल्ली बातमीदार ४९ पूर्ण झालेल्यालाही सर्रास ‘४९ व्या वर्षी’ लिहितात. म्हणून जन्मतारीख नसेल तर मी दोन्ही वर्षं चाळतो.