रांग मोजणारा कॅमेरा: माणसं बरोबर, मिनिटं चुकीची

आमच्या किराणा मार्टमध्ये बिलिंग काउंटरच्या डोक्यावर, छताला, रांग मोजणारा कॅमेरा पावसाळ्यापासून चालू आहे. रांगेत किती माणसं आहेत आणि सरासरी किती वेळ थांबावं लागतंय, हे दोन आकडे तो स्क्रीनवर दाखवतो. पहिल्यावर माझा पूर्ण भरवसा बसलाय. दुसरा गर्दीत बघूच नये.

वरून बघताना माणूस माणसाच्या आड फारसा जात नाही, त्यामुळे डोकी मोजणं त्याला सोपं जातं. वेळेसाठी मात्र तो प्रत्येक डोक्याला एक नंबर देतो आणि तो नंबर आखलेल्या चौकटीत किती वेळ टिकला ते धरतो. कुणी ट्रॉलीवर वाकलं, दोन डोकी चिकटली, की नंबर सुटतो. त्याच माणसाला नवा नंबर मिळतो आणि घड्याळ पुन्हा शून्यापासून. म्हणजे गर्दी वाढेल तसा थांबण्याचा वेळ कागदावर कमी होत जातो!

दिवाळीआधीच्या शनिवारचा सहा ते सातचा रिपोर्टच बघा. रांगेत सरासरी 9 माणसं, थांबण्याचा वेळ 3 मिनिटं. गिऱ्हाइकांची तोंडं बघून हे कुणालाही पटलं नसतं. तासभर 9 माणसं उभी, म्हणजे एकूण 540 माणूस-मिनिटं. कॅमेऱ्याने त्या तासात 180 नंबर वाटले होते. 540 भागिले 180, आले 3. पण काउंटरपुढच्या रेषेवरून बाहेर पडलेली माणसं होती 72. 540 भागिले 72 केलं की साडेसात मिनिटं येतात. हाच तो लिटलचा नियम, जॉन लिटल यांनी 1961 साली सिद्ध केलेला. आता मी वेळ असाच काढतो. यात भागायचं ते डोक्यांनीच, बिलांनी नाही. आमच्याकडे एका बिलामागे नवरा-बायको-पोरं असा सगळा लवाजमा असतो. आणि हिशोब निदान तासाभराचा हवा. दहा मिनिटांत रांग एकदम वाढली किंवा ओसरली तर उत्तर भरकटतं.

बसवणाऱ्या मुलाने हरवलेला नंबर जास्त सेकंद धरून ठेवायची सेटिंग वाढवून दिली होती. मग उलटंच झालं. पुढचा माणूस गेला की त्याचा नंबर मागच्याला चिकटायचा, आणि कुणीतरी चाळीस मिनिटं उभं असल्याचं दिसायचं. ती परत खाली आणली.

चौकटीचंही एक आहे. ती जमिनीवरच्या पट्ट्या बघून आखतात, पण कॅमेरा धरतो डोकं, आणि मधोमध सोडलं तर डोकं पायांपेक्षा बाहेरच्या बाजूला सरकलेलं दिसतं. कडेची माणसं त्यामुळे मोजणीतून सुटत होती. चौकट बाहेर ओढल्यावर धरली जाऊ लागली. दिवाळीत रांग डाळींच्या रॅकपर्यंत गेली तेव्हा मात्र इलाज नव्हता. आलेख 14 वर जाऊन सपाट झाला, कारण चौकटीत मावतातच तेवढी. असा सपाट माथा दिसला की खरी रांग त्याहून लांब आहे असं धरायचं.

दुसरा काउंटर उघडायला आम्ही आता फक्त डोकी बघतो. सहाच्या वर गेली आणि दोन मिनिटं तशीच राहिली, की गल्ल्यावरची मुलगी आतून माणूस बोलावते. तेवढ्यासाठी हा कॅमेरा मी पुन्हा घेईन.