यंत्राचा निकाल आणि तज्ज्ञांचा निकाल: भरवसा ठेवण्याआधी काय मोजावे

निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदारांना मराठीतून सल्ला देणारी संगणकीय सेवा नाशिकमधून चालवायची असेल, तर तिची उत्तरे कोणाकडून तपासून घ्यायची हे आधी ठरवावे लागते. कृषितज्ज्ञ दिवसभरात मोजकीच उत्तरे तपासू शकतात, तर परीक्षक म्हणून बसवलेले भाषा-मॉडेल तेवढे काम काही मिनिटांत उरकते. मात्र त्याचा निकाल तज्ज्ञांच्या निकालाशी किती जुळतो, हे मोजल्याशिवाय त्या वेगाचा उपयोग नाही.

हिशेबासाठी २०० उत्तरे घेऊ. दोन तज्ज्ञांनी एकमेकांचा किंवा यंत्राचा निकाल न पाहता ती तपासली. त्यांचे १८८ उत्तरांवर एकमत झाले, उरलेली १२ चर्चेने ठरवली आणि शेवटी १७० योग्य व ३० अयोग्य निघाली. यंत्राने त्या १७० पैकी १६२ उत्तरांना योग्य म्हटले, पण ३० अयोग्य उत्तरांपैकी फक्त १० पकडली. एकूण जुळणी १७२ म्हणजे ८६ टक्के झाली. हा आकडा चांगला वाटतो खरा, पण काहीही न वाचता सर्व उत्तरांना ‘योग्य’ म्हणणाऱ्याचीही जुळणी ८५ टक्के भरते!

म्हणूनच जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला कप्पा हा निर्देशांक वापरावा, कारण तो केवळ योगायोगाने होणारी जुळणी वजा करतो. इथे योगायोगाची जुळणी सुमारे ०.७९ येते आणि कप्पा जेमतेम ०.३४ उरतो. दोन तज्ज्ञांमधला कप्पा मात्र याच उत्तरांवर ०.७७ च्या आसपास येतो. यंत्राची तुलना पूर्ण जुळणी दाखवणाऱ्या १ शी नव्हे, या ०.७७ शी करावी, कारण माणसांचेच जिथे एकमत होत नाही तिथे यंत्राकडून त्याहून अधिक जुळणीची अपेक्षा ठेवता येत नाही.

तरीही कप्पावर थांबू नये. अयोग्य उत्तरे विरळ असली की तो एरवीही घसरतो. शिवाय चूक कोणत्या बाजूला होते, हे तो सांगत नाही. त्यासाठी सुटलेली २० उत्तरे स्वतः वाचावीत. केवडा रोगावरच्या फवारणीचे औषध आणि प्रमाण अचूक, भाषा ओघवती, पण काढणीआधी किती दिवस फवारणी थांबवायची, म्हणजे पीएचआय, याचा उल्लेखच नाही, असे उत्तर तज्ज्ञ लगेच नाकारतो. भाषा-मॉडेल लांब आणि सफाईदार उत्तराकडे झुकते, म्हणून ते त्याला पास करते. निर्यातीच्या मालात ही चूक अवशेष तपासणीत कंटेनर अडकवू शकते.

अशा वेळी ‘उत्तर चांगले आहे का’ असे विचारण्याऐवजी ‘पीएचआय दिला आहे का’ असा वेगळा हो-नाही प्रश्न यंत्राला द्यावा आणि जुळणी नव्या, यंत्राच्या सूचना सुधारताना न वापरलेल्या उत्तरांवर पुन्हा मोजावी. अयोग्य उत्तरे ३०च असतील तर पकडीचा आकडा फार डळमळीत राहतो, म्हणून त्यांची संख्या मुद्दाम वाढवावी. तोपर्यंत औषधांच्या प्रश्नांचा शेवटचा निकाल तज्ज्ञांकडेच ठेवावा. छाटणी किंवा ठिबकच्या प्रश्नांवर जुळणी वेगळी मोजून ती तज्ज्ञांच्या जवळ आली, तर तेवढा भाग यंत्राकडे सोपवायला माझी हरकत नाही.