चुंबक चिकटत नाही म्हणून पितळ? सिलिंडर लॉक घेताना होणारी फसवणूक

नव्या फ्लॅटच्या मुख्य दारासाठी नामांकित कंपनीचं मॉर्टाइज लॉक, म्हणजे दाराच्या जाडीत बसणारं कुलूप, घेतलं. त्यात किल्ली घालायचा भाग म्हणजे सिलिंडर. खोक्यावर 'पितळी सिलिंडर' लिहिलेलं, विक्रेत्याने चुंबक लावून दाखवलं, ते चिकटलं नाही. काही महिन्यांनी चोरट्यांनी बाहेर आलेलं सिलिंडर पकडीत धरून वाकवलं, ते मधोमध तुटलं आणि दार उघडलं. कुलूप फोडावं लागलंच नाही. तुटलेला भाग पाहिला तर आतून राखाडी: पितळ नव्हे, जस्ताचा मिश्रधातू.

चुंबकाची ती चाचणी निव्वळ धूळफेक आहे, कारण चुंबक पितळालाही चिकटत नाही आणि जस्तालाही नाही. उलट ड्रिल अडवण्यासाठी पोलादी पिना घातलेल्या चांगल्या सिलिंडरला तो थोडा ओढला जातो. खरं काय ते सिलिंडरच्या मधल्या स्क्रूच्या भोकात दिसतं. तिथे मुलामा नीट पोचत नाही. सुईच्या टोकाने आत खरवडा: पितळ पिवळं दिसतं, जस्त राखाडी. वजनातही फरक कळतो, त्याच मापाचं पितळी सिलिंडर साधारण पावपट जड भरतं. किल्ली पाहून मात्र काहीच ठरवू नका, खड्ड्यांची जाड किल्ली स्वस्तातल्या सिलिंडरलाही देतात.

इथे कंपनीची काही चूक नव्हती. कुलपाची पेटी अस्सल होती, सिलिंडर बदललेलं होतं. 'दाराला बसतं का बघतो' म्हणून खोकं आधीच उघडलेलं असेल तर हे सहज जमतं. म्हणून नाव खोक्यावर नाही, सिलिंडरच्या तोंडावर आणि किल्लीवर शोधा, आणि किल्ल्यांचं पाकीट सीलबंदच घ्या. सील फुटलेलं असेल तर एखादी जास्तीची किल्ली दुसऱ्याच कुणाकडे असू शकते.

दुसरी गफलत मापाची. दार ४० मिमी जाड, दोन्ही बाजूंच्या हँडलच्या पट्ट्या १० मिमीच्या, म्हणजे एकूण ६० मिमी. सिलिंडर मधल्या स्क्रूपासून दोन्ही बाजूंना ३०-३० मिमीचं हवं होतं, बसवलं ४०-४० चं, म्हणून बाहेर १० मिमी टोक उरलं. पकडीला तेवढं पुरतं. ३ मिमीहून जास्त बाहेर राहू देऊ नका. तुटतं ते नेहमी स्क्रूच्या भोकापाशीच, कारण तिथे धातू सर्वांत कमी असतो. अस्सल पितळही तिथे तुटू शकतं, त्यामुळे बाहेरच्या बाजूला मुद्दाम खाच ठेवलेलं सिलिंडर मिळालं तर तेच घ्या. जोर लावल्यावर पुढचा तुकडा खाचेपाशी सुटतो आणि कुलूप चालवणारा भाग आतच राहतो.

जस्ताचं किंवा चुकीच्या मापाचं सिलिंडर बसलेलं असेल तर अख्खं कुलूप बदलायची गरज नाही. दार उघडं ठेवून त्याच्या कडेवरचा सिलिंडरच्या रेषेतला लांब स्क्रू काढा, किल्ली किंचित फिरवत सिलिंडर हलकेच ओढा. मधलं पातं सिलिंडरच्या अंगाशी सरळ आलं की ते बाहेर येतं. स्क्रूच्या मध्यापासून दोन्ही टोकांपर्यंतची मापं वेगवेगळी घेऊन मगच नवं आणा.