‘पुरेशा प्रमाणात लावा’ म्हणजे किती? आठ महिने सनस्क्रीन वापरल्यानंतरचा हिशोब

मे महिन्याच्या शेवटी मी या सनस्क्रीनला एक स्टार देणार होते. जानेवारीच्या अखेरीला घेतली होती. एसपीएफ ५०, पीए चार प्लस, नॉन-कॉमेडोजेनिक म्हणजे कातडीची छिद्रं न बुजवणारी, पॅराबेन-फ्री, ५० ग्रॅमची ट्यूब, ४८० रुपये. घर जुळे सोलापुरात आणि नोकरी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्याच्या ऑफिसात. रोज स्कूटी. सकाळी साडेनऊला निघायचं आणि दुपारी बँकेच्या कामाला पुन्हा बाहेर पडायचं. चार महिने एकही दिवस न चुकता लावली, तरी मे संपताना कपाळ आणि नाक गळ्यापेक्षा दोन छटा काळे पडलेले. स्कार्फ जिथून सुरू होतो तिथे तर सरळ रेघच उमटली होती.

मग काय, कंपनीच्या हेल्पलाईनला फोन लावला. पैसे परत द्या म्हटलं, तुमची ५० ही संख्या खोटी आहे. पलीकडच्या मुलीनं शांतपणे विचारलं, “मॅडम, ट्यूब कधी उघडली होती?” मी म्हटलं, चार महिने झाले. “आणि अजून शिल्लक आहे?” मी ठसक्यात सांगितलं, हो, आहे की थोडी. त्यावर ती म्हणाली, “मग मॅडम, तुम्ही ती कमी लावताय.” मला इतका राग आला की फोन ठेवून दिला. घरात तर चार महिने पुरली म्हणून कौतुक चाललं होतं. सासूबाई म्हणाल्या होत्या, “महाग आहे, पण पुरते की गं!”

दोन दिवसांनी राग उतरल्यावर मात्र तिचं बोलणं डोक्यातून जाईना. माझ्या मावसभावाचं चांदीचं दुकान आहे. त्याच्याकडून पॉइंटमध्ये वजन दाखवणारा छोटा काटा आणला. स्वयंपाकघरातला काटा इथे उपयोगाचा नाही, तो अर्धा ग्रॅम दाखवतच नाही. तीन दिवस सकाळी नेहमीसारखी क्रीम लावली आणि आधी-नंतर ट्यूबचं वजन केलं. ०.३७, ०.४२, ०.३९. म्हणजे रोजचा सुमारे ०.४ ग्रॅम. पन्नास ग्रॅमला १२० दिवसांनी भागलं तरी तेवढंच येतं. हिशोब जुळला.

आता लागते किती ते बघा. एसपीएफ मोजताना प्रयोगशाळेत माणसाच्या पाठीवर दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावतात आणि मग कृत्रिम अतिनील प्रकाश टाकून कातडी लाल व्हायला किती मात्रा लागते ते बघतात. क्रीम नसताना लागते त्याच्या पन्नास पट मात्रा लागली तर एसपीएफ ५०. चेहरा आणि मान मिळून साधारण ६०० चौरस सेंटीमीटर धरले तर १२०० मिलिग्रॅम, म्हणजे १.२ ग्रॅम लागतं. मी लावत होते ते याच्या एक तृतीयांश. मग मला मिळालेलं संरक्षण? क्रीम कमी झाली तसं संरक्षण त्याच प्रमाणात घटतं असं धरलं तर सुमारे १७. ते त्याहून वेगानं पडतं असं दाखवणारेही प्रयोग आहेत, त्या रीतीनं हिशोब केला तर चारच्या खाली. माझा खरा आकडा या दोन्हींच्या मधे कुठेतरी असणार. पन्नास नक्कीच नव्हता.

म्हणून हेल्पलाईनवरच्या त्या मुलीबद्दल आधी जे मनात होतं ते मी मागे घेते. ती बरोबर होती. पण कंपनीवरची माझी तक्रार संपलेली नाही, ती फक्त बदलली. ट्यूबच्या मागे लिहिलंय, ‘बाहेर पडण्यापूर्वी १५ मिनिटे पुरेशा प्रमाणात लावा.’ पुरेशा! पुढे एवढा ठळक ५० छापता, तो आकडा ज्या एका अटीवर उभा आहे ती अट मागे एका मोघम शब्दात गुंडाळता. खोकल्याच्या औषधावर ‘पुरेसं प्या’ असं लिहिलेलं चालेल का? ‘चेहरा आणि मानेसाठी एका वेळी सुमारे १.२ ग्रॅम, ही ट्यूब दिवसातून एकदा वापरल्यास सहा आठवडे पुरेल’ एवढं छापायला जागा होती. ते छापलं तर ४८० रुपयांची किंमत लोकांना दिवसाला साडेअकरा रुपये अशी दिसेल, आणि म्हणूनच छापत नसावेत असा माझा संशय आहे. मी चार महिने दिवसाला चार रुपये खर्च करतेय असं समजत होते.

तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत क्रीमची रेघ ओढायची, हा सोपा अंदाज पुष्कळ जणी सांगतात. माझ्या बोटांवर तो ०.९ ग्रॅम भरला. त्यात थोडी भर घालते. एकदम थापली तर पांढरं दिसतं, म्हणून दोन थरांत लावते, मधे पाच मिनिटं जाऊ देते.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. एसपीएफ हा लाल होण्याचा हिशोब आहे, काळं पडण्याचा नाही. चाचणी किमान दहा माणसांवर होते आणि तीही उजळ त्वचेच्या, कारण लाली त्यांच्याच कातडीवर स्पष्ट दिसते. अतिनील प्रकाशातल्या मुख्यतः यूव्हीबी किरणांचं हे माप. आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या कातडीची तक्रार लाल होण्याची नसतेच, काळं पडण्याची असते, आणि त्यात यूव्हीए या दुसऱ्या अतिनील किरणांचा मोठा वाटा असतो. त्यासाठी पीए आणि त्यापुढचे प्लस बघायचे. वांग असेल तर डोळ्यांना दिसणारा साधा उजेडही तो गडद करतो, आणि त्याबद्दल एसपीएफ किंवा पीए काहीच बोलत नाहीत. त्याला लोह-ऑक्साइड घातलेली, हलक्या रंगाची क्रीम लागते. माझ्या जाऊबाईंना वांग आहे, त्यांना त्वचेच्या डॉक्टरांनी तीच दिली.

एसपीएफ ५० लावली की पन्नास पट वेळ उन्हात राहता येतं, हा समजही सोडून द्या. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली नाहीशी होते. तेव्हाचं दहा मिनिटांचं ऊन आणि सकाळी आठचं दहा मिनिटांचं ऊन एक नव्हे. शिवाय माझी क्रीम एमआयडीसीत पोचेपर्यंत अर्धी स्कार्फला लागलेली असायची. काळ्या स्कार्फवर पांढरे डाग दिसायचे, तरी माझ्या लक्षात आलं नाही. आता ऑफिसात पोचल्यावर नाक-कपाळाला पुन्हा लावते. ट्यूब स्कूटीच्या डिकीत ठेवणंही बंद केलं, तिथे ती तापून पाण्यासारखी पातळ व्हायची.

जूनपासून पूर्ण १.२ ग्रॅम लावायला लागले आणि जुलैत कपाळावर बारीक पुटकुळ्या आल्या. लगेच मनात आलं, बघा, नॉन-कॉमेडोजेनिक खोटं निघालं. या शब्दाला कायद्यात ठरलेली व्याख्या नाही हे खरं आहे. कंपनीनं कुठली चाचणी केली हे लेबलवर नसतं. पूर्वी सशाच्या कानाच्या आतल्या बाजूला घटक लावून बघायचे. ससा माणसापेक्षा जास्त संवेदनशील, त्यामुळे त्या याद्यांमध्ये कितीतरी घटक विनाकारण बदनाम झाले. नंतर माणसाच्या पाठीवर चार आठवडे पट्टी लावून बघण्याची रीत आली. या चाचण्यांतून फार तर इतकंच कळतं की छिद्रं बुजून गाठी होण्याची शक्यता कमी आहे. घामोळं येणार नाही, खाज सुटणार नाही, पुरळ उठणार नाही, यातलं काहीच हा शब्द सांगत नाही.

डॉक्टरांकडे गेले तर त्यांनी क्रीमचं नावसुद्धा विचारलं नाही. विचारलं, “केसांना तेल कधी लावता?” मंगळवारी आणि शनिवारी रात्री, खोबरेल, चांगलं चोळून. मग त्यांनी आरसा दिला आणि बोट ठेवून दाखवलं. सगळ्या पुटकुळ्या केसांच्या कडेला होत्या, कातडीच्या रंगाच्या, टोक बंद, खाज अजिबात नाही. गालावर एकही नव्हती. “क्रीम गालावरही तेवढीच लागते ना? मग गाल स्वच्छ का?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खोबरेल रात्रभर कपाळावर ओघळतं आणि छिद्रं बुजवणाऱ्या तेलांत ते बरंच वरचं आहे. तेल बंद करायला सांगितलं नाही, केसांच्या कडेपासून दोन बोटं लांब ठेवायला आणि सकाळी धुवायला सांगितलं. पहिले तीन आठवडे काहीच फरक नव्हता, मी चिडले होते. सहाव्या आठवड्याला कपाळ साफ झालं. क्रीम तीच, प्रमाणही तेच.

पॅराबेन-फ्रीबद्दल थोडक्यात. पॅराबेन हे टिकाऊपणासाठी घालतात. क्रीममध्ये पाणी असलं की जंतू-बुरशी वाढणार, म्हणून काहीतरी घालावंच लागतं. पॅराबेन काढलं की त्या जागी दुसरं येतं, माझ्या ट्यूबवर फिनॉक्सिइथेनॉल होतं. २००४ साली स्तनाच्या गाठींच्या नमुन्यांत पॅराबेनचे अंश सापडल्याचं प्रसिद्ध झालं आणि भीती पसरली, पण अंश सापडणं म्हणजे त्यानंच आजार झाला असं नव्हे. ॲलर्जीच्या बाबतीत तर अमेरिकेतल्या संपर्क-त्वचादाहाच्या डॉक्टरांच्या संस्थेनं २०१९ साली पॅराबेनला ‘ॲलर्जी न करणारं’ म्हणून मुद्दाम निवडलं. उलट काही वर्षं पर्याय म्हणून खूप वापरलेल्या मिथाइलआयसोथायाझोलिनोननं इतक्या लोकांना त्रास दिला की युरोपनं धुऊन न टाकायच्या क्रीममध्ये त्यावर बंदी घातली. मी स्वतः एका प्रदर्शनातून ‘काहीही केमिकल नाही’ म्हणून कोरफडीची डबी आणली होती. एप्रिलच्या उन्हाळ्यात तीन आठवड्यांत तिला आंबूस वास आला आणि कडेला करडे ठिपके धरले. रोज बोट बुडवून घ्यायची डबी, वर ४२ अंश तापमान, दुसरं काय होणार! या शब्दासाठी मी यापुढे जास्तीचा एक रुपया देणार नाही.

तर मूळ ट्यूबचा निकाल. क्रीम चांगली आहे, चिकट नाही, घामात डोळ्यांत उतरत नाही. एक स्टारचे तीन केले. चौथा त्या ‘पुरेशा’ शब्दासाठी कापला आणि पाचवा किमतीसाठी.

सप्टेंबरला मात्र ती पुन्हा घेतली नाही. दोन्ही पूर्ण लावल्या तर एसपीएफ ३० मधून लाली आणणाऱ्या किरणांचा सुमारे ३.३ टक्के भाग आत येतो, ५० मधून २ टक्के. एवढ्या फरकासाठी हात आखडून लावण्यापेक्षा मी ३० ची, पीए तीन प्लसची १०० ग्रॅमची ट्यूब ३९० रुपयांना आणली. सकाळच्या एका वेळेला ८३ दिवस, दिवसाला चार रुपये सत्तर पैसे. दुपारचं धरून साठेक दिवस. ट्यूबवर पेननं १ सप्टेंबर लिहून ठेवलंय. ऑक्टोबर संपेपर्यंत ती रिकामी झाली पाहिजे, झाली नाही तर काटा पुन्हा मागून आणणार आहे.