हँडब्रेकची दांडी की बटण?

नवी गाडी घेताना हा प्रश्न पडला असेल, तर आधी पायाच्या ब्रेककडे पाहा. तिथला जोर बराचसा आपला नसतोच. पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरच्या डब्यात एक रबरी पडदा असतो. पेट्रोल इंजिन चालू असताना त्याच्या दोन्ही बाजूंची हवा ओढून घेतं. पेडल दाबलं की झडप उघडते आणि मागच्या बाजूला बाहेरची हवा शिरते. पडद्याचा व्यास 25 सेंटिमीटर धरला, तर क्षेत्रफळ 490 चौरस सेंटिमीटरच्या आसपास येतं. दाबातला फरक दर चौरस सेंटिमीटरला 0.7 किलो असला, तर फक्त हवेचा रेटा जवळपास 340 किलो होतो. पायाने 10 किलो जोर लावला, तर पेडलच्या चौपट तरफेनंतर तो 40 किलोच भरतो. उरलेला जोर हवा पुरवते, पाय जेवढा दाबेल त्या प्रमाणात.

दांडीला यातली कसलीच मदत नाही. हाताचा जोर, तरफ आणि मागच्या दोन चाकांपर्यंत गेलेली केबल, एवढंच.

आधी मी दांडीच्याच बाजूचा होतो. माझं मत बदललं ते इथेच. मागे डिस्क ब्रेक असलेली माझी जुनी गाडी लांब उतार उतरून आली होती. चढावर उभी केली, दांडी नेहमीसारखी ओढली, गिअरमध्ये ठेवायला मात्र विसरलो. अर्ध्या तासाने परतलो तर गाडी हातभर मागे सरकून दगडाला टेकलेली! तापलेल्या डिस्क आणि पॅड थंड होताना आकसतात आणि पकड सैलावते. तेव्हापासून इंजिन बंद करण्याआधी पाय ब्रेकवर घट्ट दाबून मगच दांडी ओढायचो, म्हणजे बूस्टरचा जोर उसना मिळतो. पण दर वेळी हे लक्षात ठेवणं मला जाचक वाटायचं. मागे ड्रम असतील तर हा त्रास सहसा नाही, कारण थंड होताना ड्रम आकसून उलट पकड घट्ट होते.

बटणाच्या गाडीत डिस्कवर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरवरची छोटी मोटर स्क्रू फिरवून पिस्टन पुढे ढकलते. स्क्रू उलटा फिरत नाही, म्हणून वीज गेली तरी पकड टिकते. बऱ्याच गाड्या काही मिनिटांनी पुन्हा आवळतात. आताच्या गाडीत उतारानंतर तो घरघराट मी स्वतः ऐकला आहे, आणि गाडी तसूभरही हललेली नाही. चालत्या गाडीत बटण ओढून धरलं, तर बहुतेक गाड्या चारही चाकांचे हायड्रॉलिक ब्रेक लावतात. दांडी मात्र मागचीच चाकं अडवते.

दांडीची बाजूही खोटी नाही. बॅटरी पूर्ण उतरली की बटणाने लावलेला ब्रेक सुटत नाही, जंप स्टार्ट करावाच लागतो. मागचे पॅड बदलताना आधी स्कॅनरने किंवा ठरलेल्या क्रमाने पिस्टन मागे घ्यावे लागतात. कोणी ते सक्तीने दाबले, तर मोटरचे गिअर मोडू शकतात. स्वतः पाना हातात घेणाऱ्याला दांडी सोयीची वाटेल. रोज चढावर गाडी लावणाऱ्याला मी बटणच सुचवेन.