नाही म्हणावं की जास्तीचे पैसे लावावे?

मानेवाड्यातल्या एका सुतारकाम करणाऱ्या पोरानं विचारलं, "दादा, वॉर्डरोब ठरला, पण गिऱ्हाईक ताई रोज नवीन काही सांगतात. काय करू?"

कटिंगआधी एक ड्रॉवर वाढवायचा तर चॅनेलची जोडी, थोडी प्लाय, अर्ध्या दिवसाची मजुरी. पैसे लावून मोकळं व्हावं. फक्त आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून 'हो' येईपर्यंत करवत लावू नये. तोंडी "करून टाका भाऊ" हिशेबाच्या दिवशी कोणाला आठवत नाही.

कटिंगनंतर रुंदी बदलायची म्हटली की कापलेली प्लाय वाया जाते, चिकटवलेला सनमायका जातो, पुढच्या गिऱ्हाइकाची तारीख चुकते. ते पैशांनी भरून निघत नाही. नकारानं संबंध बिघडतात म्हणे. माझे तर फुकट लावलेल्या पहिल्या हँडलनंच बिघडले.

ड्रॉवर, हँडल, लाइट वाढवायला पैसे लाव. माप बदलायचं म्हटलं, तर नाही म्हण.